वंध्यत्वाची केस मांडताना: एका जोडप्याची हिस्टरी, आणि रद्द झालेली एचएसजी

सेमिनारला वंध्यत्वाची केस आली की बहुतेक रेसिडेंट एकाच वाक्यानं सुरुवात करतात: ‘२७ वर्षांची महिला, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही.’ समोर बसलेले सर चष्मा वर करून विचारतात, ‘नवरा कुठाय?’ नवरा बाहेर केसपेपरच्या रांगेत असतो किंवा गावी असतो. त्याच्याबद्दल रेसिडेंटकडे एकच कागद असतो, तो म्हणजे वीर्यतपासणीचा रिपोर्ट, आणि तोही कुणीतरी फाईलच्या शेवटी लावलेला. पुढची पंधरा मिनिटं मग अवघड जातात.

ही केस जोडप्याची असते, हे सगळ्यांना पाठ असतं, पण मांडणीत उतरत नाही. दुसरी गोष्ट त्याहून जास्त नडते. हिस्टरी आणि तपासण्या यांचा एकमेकींशी संबंधच लागत नाही. हिस्टरी साचेबंद वाचली जाते आणि शेवटी तपासण्यांची एक लांबलचक यादी येते, जी कुठल्याही जोडप्याला चालली असती. खरं तर हिस्टरीतल्या प्रत्येक उत्तरानं एखादी तपासणी पुढं आणायला हवी, मागं ढकलायला हवी किंवा रद्द करायला हवी. ते कसं करायचं, हे एका जोडप्यावरून दाखवतो. हे जोडपं म्हणजे ओपीडीत वर्षानुवर्षं भेटलेल्या अनेकांना जोडून केलेलं आहे. ती २७ वर्षांची, तो ३२ वर्षांचा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणारा.

आधी कुणाशी कसं बोलायचं

पहिल्यांदा दोघांना एकत्र बसवा, मग दोघांशी वेगवेगळं बोला. सासूबाई सोबत आल्या असतील तर त्यांना नम्रपणे बाहेर चहाला पाठवा. एकत्र बसवल्यावर कळतं की कोण बोलतं आणि कोण खाली बघतं. वेगळं बोलल्यावर कळतात खऱ्या गोष्टी. लग्नाआधी पिशवी साफ केलेली असते, नवऱ्याला पहिल्या बायकोपासून मूल असतं, किंवा संबंध नीट होतच नसतात. अशी एखादी गोष्ट खासगीत कळली असेल तर ती तुमच्या नोंदीत हवीच, पण वॉर्डात बेडशेजारी नवऱ्यासमोर गर्भधारणांचा हिशेब मोठ्यानं वाचायचा नाही. सेमिनारमध्ये चर्चा सुरू होण्याआधी जोडप्याला बाहेर बसवावं.

पहिलं वाक्य आणि कालावधी

सुरुवात अशी करा: ‘हे जोडपं, पत्नी २७, पती ३२, लग्नाला पाच वर्षं, एकत्र राहून नियमित संबंध असताना तीन वर्षं दहा महिने दिवस राहिलेले नाहीत. याआधी पत्नीला कधीही दिवस राहिलेले नाहीत, आणि पतीपासूनही कुणाला राहिलेले नाहीत.’

पाच वर्षांचे तीन वर्षं दहा महिने कसे झाले? लग्नानंतर पहिले चौदा महिने नवरा पुण्यात खोली करून राहत होता आणि पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी यायचा. ते महिने प्रयत्नांत धरायचे नाहीत. हा हिशेब ट्रकचालक, लष्करातले जवान, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि आखातात कामाला गेलेले नवरे, सगळ्यांच्या बाबतीत करावा लागतो. लग्नाची वर्षं आणि प्रयत्नांची वर्षं वेगळी सांगितली की परीक्षकाला कळतं की तुम्ही स्वतः बसून विचारलंय.

व्याख्या विचारली तर सरळ सांगा. नियमित, कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवून बारा महिन्यांत दिवस न राहणं. पत्नीचं वय ३५ किंवा जास्त असेल तर तपासण्या सहा महिन्यांनीच सुरू करायच्या. पाळीच येत नसेल, नवऱ्याच्या अंडकोशाचं ऑपरेशन झालेलं असेल अशा उघड कारणांत तेवढंही थांबायचं नाही. बारा महिनेच का? कारण सुमारे ८५ टक्के जोडप्यांना तेवढ्या काळात दिवस राहतात.

पाळी: इथं थोडा वेळ काढा

‘पाळी नियमित आहे’ एवढ्यावर पुढं जाऊ नका. किती दिवसांनी येते, किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड, आधी कसं होतं, आता कसं आहे, दुखतं का, कधीपासून. आमच्या या ताईंची पाळी २८ ते ३० दिवसांनी अगदी वेळेवर येते. लग्नाआधी चार-पाच दिवस जायचं. गेल्या दोन-तीन वर्षांत दीड दिवसावर आलंय, आणि एकच पॅड पुरतो. त्या याबद्दल तक्रार करत नाहीत. उलट ‘त्रास कमी झाला’ असं म्हणतात. म्हणूनच विचारावं लागतं.

या दोन वाक्यांनी केसचा निम्मा निकाल लावला. पाळी वेळेवर येते, त्याआधी स्तन जड होतात, पोटात थोडं दुखतं, म्हणजे अंडं बहुधा तयार होतंय. पण रक्तस्राव कमी होत गेलाय, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचं काहीतरी बिघडतंय. हार्मोनकडं बोट न जाता पिशवीकडं गेलं. पाळी दोन-दोन महिन्यांनी येणारी, चेहऱ्यावर केस असलेली, वजन वाढलेली बाई असती तर हेच बोट अंडाशयाकडं गेलं असतं आणि पुढची सगळी मांडणी बदलली असती.

आधीचे आजार: एक ओळ जी चुकते

‘काही मोठा आजार नाही’ हे उत्तर सगळे लिहून घेतात. टीबी शब्द वापरून विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात. मी असं विचारतो: कधी महिनो न् महिने गोळ्या खाल्ल्यात का, छातीत पाणी झालं होतं का, मानेला गाठी आल्या होत्या का, घरात कुणाला खोकल्याचं औषध सरकारी दवाखान्यातून चालू होतं का. या ताईंना १९व्या वर्षी ‘छातीत पाणी’ झालं होतं. सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या, चार महिन्यांनी बरं वाटल्यावर सोडल्या.

आता कमी झालेली पाळी आणि अर्धवट घेतलेलं टीबीचं औषध एकाच धाग्यात येतात. जननमार्गाचा टीबी बहुतेक वेळा फुप्फुसातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या जुन्या जागेतून रक्तावाटे येतो. आधी नळ्या धरतो, त्याही जवळजवळ सर्व रुग्णांत आणि सहसा दोन्ही. तिथून सुमारे निम्म्या रुग्णांत तो आतल्या अस्तरात उतरतो. ही निम्म्याची गोष्ट लक्षात ठेवा, बायोप्सीच्या वेळी लागणार आहे.

याच भागात पोटाची ऑपरेशनं (विशेषतः फुटलेलं अपेंडिक्स), पूर्वीचे पोटातले इन्फेक्शन, थायरॉइड आणि चालू औषधं यांची नोंद येते. ती दोन वाक्यांत उरका.

संबंधांविषयी

‘संबंध नीट होतात का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं, त्यामुळं हा प्रश्न विचारून उपयोग नाही. आठवड्यातून किती वेळा, संबंध पूर्ण होतो का, वीर्य आतच पडतं का, दुखतं का, काही तेल किंवा जेली वापरता का, असं एकेक विचारा. या जोडप्यात नवऱ्याची एक आठवडा आड रात्रपाळी असते. पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत कधीकधी एकदाही भेट होत नव्हती. दिवस राहण्याची शक्यता असते ती अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्या सहा दिवसांतच. इथं रात्रपाळी हे एकमेव कारण नाही हे उघड आहे, चार वर्षांत बऱ्याच महिन्यांत भेट झालीच आहे. तरीही ते सांगायला हवं.

आधीचे उपचार

फाईलमधले कागद तारखेनुसार लावून घ्या. कोणती गोळी, किती महिने, अंड्याची सोनोग्राफी झाली का, कोणी कोणती तपासणी केली. या ताईंनी क्लोमिफेनचे पाच महिने घेतले होते, शेवटचा कोर्स आठ महिन्यांपूर्वी. तोपर्यंत नवऱ्याची एकदाही तपासणी झाली नव्हती. आधीच्या डॉक्टरांवर टीका करू नका, सेमिनारची ती जागा नाही. पण ‘वेळेवर पाळी येणाऱ्या रुग्णाला अंडं बनवण्याच्या गोळ्यांचा फारसा फायदा अपेक्षित नव्हता’ एवढं म्हणायला हरकत नाही.

नवरा

त्याची हिस्टरी बायकोइतकीच सविस्तर हवी. लहानपणी अंडकोश खाली उतरलेले होते का, गालगुंड झालं तेव्हा अंडकोश सुजले होते का, हर्नियाचं ऑपरेशन, मार, साखर, तंबाखू, दारू, उष्णतेचं काम. जिमला जाणाऱ्या तरुणांना ‘बॉडीसाठी इंजेक्शन घेतलंय का’ हे हमखास विचारा. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं शुक्राणू शून्यावर येतात, आणि मुलं ते आपणहून सांगत नाहीत.

आणि गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? आमच्या नवऱ्याला वीर्यतपासणीच्या पाच आठवडे आधी आठवडाभर जोराचा ताप आला होता. हा प्रश्न मी विचारेपर्यंत कुणी विचारला नव्हता.

तपासणी, दोघांचीही

पत्नीत आम्हाला सापडलं ते असं: बीएमआय २१, केस-मुरुम नाहीत, थायरॉइड मोठी नाही, स्तनांतून दूध येत नाही. छातीच्या डाव्या तळाशी श्वासाचा आवाज कमी. आतून तपासल्यावर गर्भपिशवी मागं झुकलेली, नेहमीच्या आकाराची, पण हलवल्यावर मोकळेपणानं हलत नव्हती. डाव्या बाजूला बोटांना जाडसरपणा लागत होता, दुखत नव्हतं. ‘पिशवी हलते की नाही’ हे लिहायला बरेच जण विसरतात. वंध्यत्वाच्या केसमध्ये नळ्यांभोवती चिकटलेपणा आहे का याचा बोटांनी मिळणारा अंदाज तिथूनच येतो.

नवऱ्याची तपासणी शक्यतो सीनियरसोबत, परवानगी घेऊन, आडोशाला करा. तो उभा असताना बघा, नाहीतर व्हेरिकोसील निसटतं. जोर लावायला सांगा. दोन्ही अंडकोशांचा आकार मण्यांच्या माळेशी, म्हणजे ऑर्किडोमीटरशी ताडून मिलिलिटरमध्ये लिहा. दोन्ही बाजूंना वीर्यवाहिनी बोटांत सापडते का हे पाहणं सक्तीचं आहे. शुक्राणू शून्य, वीर्य कमी आणि आम्लधर्मी, आणि वाहिन्याच लागत नाहीत, एवढ्यावर जन्मजात वाहिन्या नसल्याचं निदान हातानं करता येतं. आमच्या नवऱ्याचे अंडकोश १८-१८ मिली, वाहिन्या लागत होत्या, व्हेरिकोसील नव्हतं.

निदानाचं वाक्य

इथं थांबून एक वाक्य म्हणा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर टांगायच्या आहेत. ‘प्राथमिक वंध्यत्व, तीन वर्षं दहा महिने. कमी होत गेलेली पाळी, अर्धवट उपचार झालेला छातीचा टीबी आणि मर्यादित हलणारी गर्भपिशवी यांमुळं नळ्या व अस्तराच्या टीबीची दाट शंका. अंडं बहुधा तयार होत असावं. पतीचा घटक अजून ठरवायचा आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका.

तपासण्या: यादी करू नका, दिनदर्शिका करा

प्रत्येक तपासणीआधी स्वतःला विचारा, हिचा निकाल वाईट आला तर मी काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर ती लिहू नका.

पहिली वीर्यतपासणी. संबंध न ठेवता दोन ते सात दिवस, नमुना शक्यतो लॅबमध्येच, पूर्ण नमुना पडला का हे विचारून. घरून आणायचा असेल तर अंगाजवळ गरम ठेवून तासाभरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, संख्या मिलीला १ कोटी ६० लाख, पुढं जाणारे ३० टक्के, नेहमीच्या आकाराचे ४ टक्के. या मर्यादा म्हणजे पास-नापासची रेघ नव्हे. ज्यांना वर्षाच्या आत मूल राहिलं त्या पुरुषांतल्या तळाच्या पाच टक्क्यांवर त्या बेतल्या आहेत. आमच्या रुग्णाची संख्या आली १ कोटी १० लाख, पुढं जाणारे २२ टक्के. रेसिडेंटनं लगेच ‘पुरुष घटक’ असं लिहिलं. पण शुक्राणू तयार व्हायला आणि बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, आणि पाच आठवड्यांपूर्वीचा ताप मधेच बसलेला होता. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा संख्या ३ कोटी १० लाख, पुढं जाणारे ३८ टक्के. भट्टीचं काम तेच होतं. एका रिपोर्टवर पुरुषाला शिक्का मारायचा नाही. मात्र पहिल्या रिपोर्टमध्ये शुक्राणूच नसते, किंवा फारच थोडे असते, तर तीन महिने थांबायचं कारण नव्हतं.

अंडं सुटतंय का हे प्रोजेस्टेरॉनवरून, पण ‘२१व्या दिवशी’ हे घोकू नका. पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी. २९ दिवसांच्या पाळीला २२वा दिवस, ३५ दिवसांच्या पाळीला २८वा. तीन नॅनोग्रॅमच्या वर असलं की अंडं सुटलं असं धरतात. आमचं ११ आलं. टीएसएच केलं, नॉर्मल. प्रोलॅक्टिन केलं नाही, कारण पाळी वेळेवर आहे आणि दूध येत नाही. एएमएचही केलं नाही. २७व्या वर्षी ते आपोआप दिवस राहतील की नाही हे सांगत नाही. पुढं आयव्हीएफचा विचार झाला तर तेव्हा करू. या दोन ‘केलं नाही’बद्दल परीक्षक नक्की विचारतो आणि उत्तर तयार असलं की खूश होतो.

योनीमार्गे सोनोग्राफी पाळीच्या तेराव्या दिवशी: उजवीकडं १८ मिमीचं अंडं, अस्तर मात्र ५ मिमी, डावीकडं अंडाशयाला लागून नळीसारखी द्रव भरलेली पिशवी. अस्तर क्लोमिफेननंही पातळ होतं, म्हणून विचारलं जाईल, गोळ्यांमुळं तर नाही? नाही, त्या थांबून आठ महिने झालेत. फाईल तारखेनुसार लावली होती, ती इथं कामाला येते.

आता एचएसजी. रेसिडेंटनं पहिल्याच दिवशी फॉर्म भरून ठेवला होता, पाळीच्या आठव्या दिवसाची तारीखही घेतली होती. नेहमीच्या जोडप्यात ते योग्यच असतं, सातव्या ते दहाव्या दिवसांत नळ्यांचा फोटो काढतात. पण चालू टीबीची दाट शंका असताना दाबानं रंग सोडला तर दबलेला आजार उसळू शकतो, म्हणून फॉर्म मागं घेतला. व्यवहारात उलटंही घडतं. कुणाला शंका नसते, एचएसजीत मण्यांच्या माळेसारखी किंवा ताठ पाइपसारखी नळी दिसते, आणि मग टीबीचा विचार सुरू होतो. तसं झालं तर लाजू नका. आणि एचएसजीत नळी पिशवीच्या कोपऱ्याशीच बंद दिसली तर ती आकडी येऊन तात्पुरती मिटलेली असू शकते, हेही म्हणा.

त्याऐवजी आधी छातीचा एक्स-रे. डाव्या कोपऱ्यात जुना जाडसरपणा. मग पाळी येण्याच्या दोन-तीन दिवस आधी अस्तराची बायोप्सी. तेव्हाच का? अस्तर दर महिन्याला गळून जातं आणि नळ्यांतून नव्यानं लागण होते, त्यामुळं गाठी पक्व व्हायला महिन्याचा शेवट उजाडतो. त्या महिन्यात निरोध वापरायला सांगा आणि बायोप्सीआधी लघवीची गर्भतपासणी करा. पिशवीच्या दोन्ही कोपऱ्यांतून नमुना घ्या.

आणि दोन बाटल्या. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजीला. दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट आणि कल्चरला. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये गेला की जंतू मरतात आणि कल्चर संपलं. ही चूक मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. बाटली सिस्टरांच्या हातात देताना तुम्ही तिथं उभे राहा.

पॅथॉलॉजीत एपिथेलॉइड ग्रॅन्युलोमा आणि लँगहान्स पेशी आल्या. सीबीनॅट निगेटिव्ह. ‘मग टीबी नाही?’ असं विचारलं जाईल. अस्तरात जंतू अगदी थोडे असतात, त्यामुळं निगेटिव्ह आल्यानं टीबी नाकारला जात नाही. आणि बायोप्सीही साफ आली असती तर? नळ्यांचा आजार असलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांत अस्तर आजारातून बचावलेलं असतं, म्हणून मग लॅपरोस्कोपीकडं जावं लागलं असतं. उलट बाजूही सांगा. हिस्टरी, तपासणी, सोनोग्राफी काहीच बोलत नसताना नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू करू नयेत. द्रव माध्यमातलं कल्चर सहा आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवा. या रुग्णानं पूर्वी औषधं मधेच सोडली आहेत, त्यामुळं औषधांना दाद न देणारा जंतू आहे का याचं उत्तर तिथूनच मिळण्याची आशा आहे.

सेमिनारमध्ये पुढचा प्रश्न येतोच: औषधं झाल्यावर काय? दोन वाक्यांत उत्तर द्या. जंतू मरतील, पण बिघडलेल्या नळ्या पूर्ववत होतील याचा भरवसा नाही. उपचारांनंतर हिस्टेरोस्कोपी आणि लॅपरोस्कोपीत पिशवी व नळ्या बघून, अस्तर शाबूत असेल तर आयव्हीएफची चर्चा जोडप्याशी करायची, आणि त्याआधी डावी फुगलेली नळी काढायची किंवा बंद करायची का, हे ठरवायचं. या ताईंच्या केसमध्ये त्या संध्याकाळी आमची चर्चा इथवरच पोचली, कारण कल्चर अजून यायचं होतं.